वीस संगणक, किमान अटी

संगणकानं आरोहीला फेकलं, ते अक्षदानं समोरून पाहिलं. पोरीनं उजवा हात कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवला, तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही, आणि दुसऱ्या क्षणी ती मागच्या बाकावर जाऊन आदळली. पुढचे दोन दात बाकाच्या कडेला राहिले. खांद्याजवळचं हाड मोडलं. वर्गातली पोरं किंचाळत बाहेर पळाली आणि संगणक मात्र शांतपणे आपला निळा पडदा दाखवत बसला.

खोलीला अर्थिंग नव्हतंच. भिंतीत तीन भोकांचे प्लग होते, तिसऱ्या भोकामागं तार नव्हती. ते संगणक गोरखनं आणून दिले होते. गोरख म्हणजे अक्षदाचा धाकटा दीर, मंचरला त्याचं संगणकाचं दुकान. मशीन जुन्या, वर स्टिकर नवं. आणि ही खरेदी अगदी नियमानं झाली होती. तीन कोटेशनं होती. तिन्ही गोरखनंच आणली होती, एक स्वतःचं आणि दोन मित्रांच्या लेटरहेडवर, थोडी थोडी चढी. शाळेची बाकं अशीच आली, गणवेश असेच आले, पाण्याची टाकी अशीच आली. गावात कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एका माणसानं तीनदा वाकून नमस्कार करावा तसं ते होतं.

शाळा अवसरीच्या पुढं, उसाच्या रानात. संस्थेचे अध्यक्ष धर्माजी, म्हणजे अक्षदाचे सासरे. अक्षदा तिथं संगणक शिकवायची. नवरा सुनील चाकणला कंपनीत. शनिवारी घरी यायचा आणि घरातली भांडणं पाहुण्यासारखी ऐकायचा.

आरोहीच्या अपघाताचं पेपरात छापून आलं, म्हणून एका कंपनीनं वीस संगणकांचे पैसे द्यायचं कबूल केलं. पण त्यांची अट होती. जाहीर निविदा काढायची. काय हवंय ते आधी लिहून सगळ्यांना सारखं द्यायचं. कोण कसं निवडलं तेही लिहायचं. शिवाय छापील अटींत एक ओळ त्यांनी स्वतःची घातली होती: या कामात कुणावरही दबाव, धमकी किंवा मारहाण करणाऱ्याची बोली बाद.

"ही वळ कशाला पायजे?" धर्माजी म्हणाले. "आपल्याकडं कोण मारहान करतंय?"

त्यावर सारजाबाई, म्हणजे सासूबाई, भाकरी थापता थापता थांबल्या. त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं, आणि ते का येत नव्हतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मग त्या पुन्हा थापायला लागल्या.

मुख्याध्यापक अन्सार सर जुन्नरचे, मोटरसायकलवरून यायचे. माणूस सज्जन, पण घाबरट. हेल्मेट वर्गाच्या दारापर्यंत डोक्यावर असायचं. ते अक्षदाला म्हणाले, "मॅडम, अटी तुम्हीच लिहा. मला संगणकातलं बटण सोडून काही कळत नाही."

हे गोरखला कळायला रात्र व्हावी लागली नाही. दुपारीच तो एक टाईप केलेला कागद घेऊन आला आणि अक्षदाच्या ताटाशेजारी ठेवला.

"वहिनी, अटी तयार हायेत. खाली नाव टाका फकस्त."

अक्षदानं वाचलं. एकाच कंपनीचा एकच मॉडेल नंबर. पुरवठादाराचं दुकान मंचर शहरातच असावं. याच संस्थेला आधी माल दिल्याचा अनुभव असावा. कॅबिनेटचं वजन अमुक किलोपेक्षा जास्त नसावं.

"वजन कशाला, भाऊजी? कांदे आहेत का?"

सारजाबाईंना हसू आलं. तेवढ्यानं गोरखचं डोकं फिरलं. त्यानं ताट उचललं आणि भिंतीवर मारलं. आमटी सारजाबाईंच्या पातळावर आणि अक्षदाच्या केसांवर उडाली. ताट गोल गोल फिरत उंबऱ्याबाहेर गेलं.

"हसता? आँ? घरातलं घरात खायला देतोय तं हसता?"

"गोरख," धर्माजी ओसरीवरून म्हणाले, "ताट स्टीलचं हाय म्हून वाचलं." आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. धर्माजींचा न्याय असाच असायचा.

अक्षदानं केस धुतले आणि शाळेत जाऊन लिहायला बसली.

लिहायला बसल्यावर तिला कळलं, की संगणक कसा हवा हे लिहिणं म्हणजे संगणकाबद्दल लिहिणं नव्हेच. पोरांना काय करायचंय ते लिहायचं. कंपनीचं नाव लिहिलं की त्या नावाचा माणूस दारात उभा राहतो आणि बाकीचे रस्त्यावरून परत जातात. म्हणून तिनं नाव कुठलंच लिहिलं नाही. मेमरी किमान इतकी, डिस्क किमान इतकी आणि ती फिरत्या तबकडीची नको. जास्त दिली तर हरकत नाही. आणि मशीन खरंच चालते का, ते नमुना आणून सगळ्यांसमोर करून दाखवायचं. बटण दाबायचं, सगळ्या शाळेच्या निकालाची मोठी फाईल उघडायची, त्याच वेळी धड्याचा व्हिडिओ चालू ठेवायचा, पोरांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालवायचा. हे सगळं ठरलेल्या वेळात झालं तर पास, नाहीतर नापास. अधलं मधलं काही नाही.

मग भावाचा तक्ता. आजवर एक जण नुसत्या डब्याचा भाव लिहायचा, दुसरा जोडणीसकट, तिसरा कर वेगळा ठेवायचा, आणि समिती त्यातला सगळ्यात लहान आकडा बघून खूश व्हायची. अक्षदानं एकच तक्ता आखला. मशीन, विंडोजचा खरा परवाना, बॅटरी बॅकअप, जोडणी, तीन वर्षं शाळेत येऊन दुरुस्ती, सगळे कर. आणि खोलीचं अर्थिंग: नवा खड्डा, प्रत्येक प्लगपर्यंत तार, आणि मोजून दाखवल्याशिवाय एकही मशीन चालू करायची नाही. सगळ्यांनी तेच रकाने भरायचे आणि खालची बेरीज बघायची. अर्थिंगचा रकाना लिहिताना तिचा हात जरा दाबून चालला, कागदाच्या मागं अक्षरं उमटली.

आधी तांत्रिक लिफाफा. त्यात पास होतील त्यांचेच भावाचे लिफाफे उघडायचे. पास झालेल्यांत ज्याची बेरीज कमी, त्याला काम.

चाचणीच्या त्या फायली तिनं पेनड्राईव्हवर घातल्या आणि निविदेचा कागद नेणाऱ्या प्रत्येकाला लिफाफ्यात घालून एकेक दिली. घरी करून बघा, मग या.

"म्हणजे पेपर आधीच फोडायचा?" अन्सार सर घाबरले.

"सर, पोरांची परीक्षा नाही ही. मशीनला पाठांतर येत नाही."

तिघांनी कागद नेले. गोरख, जुन्नरचा तन्वीर आणि पुण्याची एक कंपनी. तन्वीरचं जुन्नरला बाजारात दुकान होतं. आरोहीच्या अपघातानंतर उरलेल्या मशीन तपासायला शाळेनं त्यालाच बोलावलं होतं.

भाव भरायच्या आधी तिघांना शाळेत बोलावलं, कुणाला काही विचारायचं असेल तर सगळ्यांसमोर विचारा म्हणून. पुण्याच्या कंपनीनं शंका नाही असं कळवलं. गोरख चार पोरं घेऊन आला. तन्वीर एकटाच आला, नवा शर्ट घालून.

तन्वीरनं आधी हात वर केला. "मॅडम, माझं म्हणणं, ज्याच्याकडं सर्टिफिकेटवाला इंजिनियर आहे, त्यालाच घ्या. बाकीचे हातोडा घेऊन येतात."

"तुमच्याकडं आहे का तसा इंजिनियर?"

"मीच आहे," तन्वीर लाजत म्हणाला.

"मग नाही लिहिता येणार. चोवीस तासांत दुरुस्ती झाली पाहिजे, नाही झाली तर दंड, एवढंच लिहिलंय. कोण करतो ते त्याचं तो बघेल."

गोरखची पोरं हसली. तन्वीरनं मान खाली घातली. मग गोरख उठला आणि त्यानं अक्षदाचा कागद नाचवला.

"आता माझं आयका. मशीन चालू होऊन सगळं काम चाळीस सेकंदात झालं पायजे म्हनं. चाळीस कुठून आलं? वहिनी, खरं सांगा, ह्या फायली तुमी कुणाच्या मशीनवर चालवून बघितल्या?"

अक्षदा उत्तर द्यायला गेली आणि तिच्या लक्षात आलं. जुन्या मशीन तपासताना तन्वीर स्वतःची एक मशीन शाळेत ठेवून गेला होता. शाळेत दुसरी धड मशीन नव्हती. तिनं फायली त्याच मशीनवर चालवल्या होत्या. घड्याळ लावलं, चाळीसच्या आत झालं, चाळीस लिहिलं. कंपनीचं नाव लिहायचं नाही म्हणून इतकी काळजी घेतली, आणि तन्वीरच्या मशीनचं माप घेऊन त्याच्याच अंगाचा सदरा शिवून बसली.

"तन्वीर यांच्या," ती म्हणाली.

"आयका! बोललो का न्हाई!" गोरख ओरडला.

"तुमचं बरोबर आहे, भाऊजी. ही चूक माझी आहे. अट बदलते." अन्सार सरांनी तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तिनं भर बैठकीत फळा खाली पाडला. ती बोलतच राहिली. "तास पस्तीस मिनिटांचा असतो. काम समोर यायला दोन मिनिटांच्या वर गेली तर पोरांचा तास जातो. चाळीस नाही, दोन मिनिटं. दुरुस्ती लेखी काढते, तिघांनाही एकाच वेळी जाईल, पुण्यालासुद्धा."

गोरख जिंकला होता. बोलणं खरं होतं, आणि ते मान्यही झालं होतं. माणसानं अशा वेळी खाली बसावं, चहा प्यावा. पण गोरखला नुसतं बरोबर असणं पुरेसं वाटायचं नाही. तो तन्वीरकडं वळला.

"मशीन ठेवून जातो व्हय रं? मामाचं घर हाय का हितं?"

"शाळेनं बोलावलं होतं, गोरखभाऊ..."

पुढचा शब्द दातांवर फुटला. गोरखनं त्याला कॉलरला धरून डोकं भिंतीवरच्या फळ्याच्या चौकटीवर आपटलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. पोरांनी तन्वीरचे हात धरले आणि गोरखनं त्याच्या पोटात गुडघा घातला. टेबल कलंडलं, हजेरीपटावर रक्ताचे थेंब पडले. अक्षदा मधे गेली तर एकानं तिला ढकललं आणि ती खडूच्या डब्यावर बसली. शिपाई भिका घंटा वाजवायला पळाला. शाळेत काहीही झालं तरी भिका घंटाच वाजवायचा. पोरं मधली सुट्टी समजून बाहेर आली, आणि तेवढ्या गर्दीनं हे थांबलं.

गोरख गेल्यावर अक्षदा म्हणाली, "तन्वीरभाऊ, लेखी द्या. अट आहे. मारहाण करणाऱ्याची बोली बाद."

तन्वीर ओठाला रुमाल लावून बसला होता. नव्या शर्टाची दोन बटणं तुटली होती. "पायरीवरून घसरलो, मॅडम."

"शाळेत पायरी कुठं आहे?"

"असेल कुठंतरी. मला या रस्त्यानं रोज मंचरला जावं लागतं. माझी दोन लेकरं आहेत." त्यानं एक दात जिभेनं हलवून पाहिला. "सर, तुम्ही लिहा, घसरलो."

अन्सार सरांनी इतिवृत्तात लिहिलं: बैठक शांततेत पार पडली. लिहिताना शांततेचा काना दोनदा गिरवला गेला.

त्या संध्याकाळी अक्षदानं सरांना एक पत्र दिलं. बोली लावणारा माझा दीर आहे, त्यामुळं लिफाफे उघडताना आणि चाचणी घेताना मी समितीत बसणार नाही.

"मग निवडणार कोण?" सर रडकुंडीला आले. "तुम्हालाच तर कळतं त्यातलं!"

"कुणीही. ज्याला घड्याळ वाचता येतं आणि बेरीज येते तो. सर, मी असल्याशिवाय चालत नसेल, तर मी लिहिलंय ते चुकीचं लिहिलंय."

घरी तिनं धर्माजींनाही तेच सांगितलं. "मामा, तुम्हीही त्या दिवशी बसू नका."

धर्माजींनी अडकित्ता खाली ठेवला. "माझ्या शाळेत म्या बसू नको?"

"भाऊजींचा लिफाफा आहे त्यात. तुम्ही बसलात तर ते जिंकले तरी लोक म्हणतील, बापानं दिलं."

"मग म्हनू दे! बापानं पोराला न्हाई द्यायचं तं कुनाला द्यायचं?" असं म्हणाले खरे, पण रात्री जेवण अर्धंच टाकून उठले. मग दुसऱ्या दिवशी समितीच्या कागदावरून आपलं नाव स्वतः खोडलं. कंपनीनं पैसे काढून घेतले तर गावात नाक राहणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

गोरखला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. वहिनी वरवर बाजूला झाली, पण चावी तिच्याचकडं आहे. आयुष्यभर त्यानं परीक्षा अशाच पाहिल्या होत्या. पेपर कुणाकडं तरी असतो, आणि तो ज्याच्या हातात आला तो पास. हा पेपर सगळ्यांना आधीच वाटलाय, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

चाचणीच्या दिवशी सकाळी अक्षदा बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, कांदा निवडत होती. बराखीच्या फटींतून ऊन आडवं येत होतं. शाळेत जायचं नव्हतं म्हणून हाताला काहीतरी काम हवं होतं. सडका कांदा एकीकडं, बरा एकीकडं. सारजाबाई पलीकडं दाताळ्यानं पात ओढत होत्या.

गोरख आत आला. दार त्याच्या मागं अर्धंच लागलं.

"वहिनी, ती पेनड्राईव्ह द्या."

"कुठली?"

"परीक्षेची. येक तास हाय आजून. दुकानातला गोकुळ मशीन घेऊन शाळंत गेलाय. मला फायली द्या, मी त्याला फोनवर सांगतो काय ते."

"भाऊजी, ती तुमच्याकडंच आहे. निविदेच्या लिफाफ्यात होती. सगळ्यांना दिलीय."

"येड्यात काडू नका."

"खरंच सांगते. काळी, लहानशी. तुमच्या जीपमध्ये गाणी वाजतात ना, तीच असेल बघा."

ती खरंच तीच होती. लिफाफ्यातून पडली तेव्हा गोरखनं ती पुसून गाणी भरली होती. पण हे ऐकल्यावर त्याला वाटलं ही आपली थट्टा करतेय, कांद्याच्या वजनासारखी. त्यानं पहिली थोबाडीत मारली ती इतक्या जोरात, की अक्षदा कांद्यांच्या ढिगावर पडली आणि ढीग तिच्या अंगावर घसरला. ती उठायला लागली तर त्यानं लाथ घातली. पोटात, मग बरगडीत. ती रांगत दाराशी गेली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहायला लागली.

"द्या म्हनतो ना!"

"नाहीये माझ्याकडं..."

गोरखनं दार ओढलं. जाड सागवानी फळ्यांचं दार, बिबट्या आत येऊ नये म्हणून केलेलं. ते तिच्या मनगटावर येऊन बसलं. काडकन आवाज झाला. अक्षदाला आधी वाटलं चौकट मोडली. गोरखनं दार परत उघडलं आणि पुन्हा ओढलं. तिच्या तोंडातून जे निघालं, त्यानं गोठ्यातली म्हैस दावं तोडून उभी राहिली.

तिसऱ्यांदा दार ओढायला तो मागं झाला, तेव्हा दाताळं त्याच्या नडगीवर बसलं. लोखंडी दात मांसात गेले. सारजाबाईंनी ते उपसलं आणि पुन्हा हाणलं, आता गुडघ्यावर. गोरख "आई!" म्हणून ओरडला आणि खाली पडला. कांद्यांवर घसरत तो मागं सरकला, सारजाबाई त्याच्यामागं दोन पावलं गेल्या. दाताळं डोक्याच्या वर उचललेलं. साठीच्या बाईचे ते काळे दंड, आणि खाली आपणच जन्माला घातलेला बाप्या हात जोडून.

"आई, म्या हाय, म्या! गोरख!"

"दिसतंय मला," सारजाबाई म्हणाल्या. "कानानं बहिरी हाय, आंधळी न्हाई."

त्यांनी दाताळं बाजूला टाकलं. पदर फाडला आणि अक्षदाच्या मनगटाला गुंडाळला. हात कोपरापुढं चुकीच्या दिशेला बघत होता.

मंचरच्या दवाखान्यात शेजारच्या टेम्पोतून गेल्या. प्रत्येक खड्ड्याला अक्षदा दात आवळत होती. सुनीलला फोन लावला तर तो म्हणाला, "शिफ्ट सोडता येत न्हाई. लई दुखतंय का?" सारजाबाईंनी फोन घेतला आणि बंद केला.

दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या तेव्हा अन्सार सरांचा फोन आला. सर आनंदात होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"मॅडम, झालं! तुमच्याशिवाय झालं! भिकानं घड्याळ धरलं, पैसे देणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी आकडे लिहिले. पुण्याची मशीन नापास, तबकडीवाली डिस्क निघाली, तीन मिनिटं झाली तरी फाईल उघडेना. तन्वीरची पास. गोरखभाऊंची पण पास, गोकुळनं चांगली मशीन लावली होती, दीड मिनिटात सगळं झालं. मग भावाचे लिफाफे उघडले." सर जरा थांबले. "मॅडम, गोरखभाऊंची बेरीज सगळ्यात कमी आहे. अर्थिंगसकट. काम त्यांचंच."

अक्षदानं फोन मांडीवर ठेवला.

सारजाबाईंनी डोळ्यांनीच विचारलं.

"आत्या, भाऊजी पास झाले. त्यांचा भावही सगळ्यात कमी." ती हसायला लागली आणि बरगडीत कळ आली म्हणून थांबली. "नुसते घरी बसले असते तरी मिळत होतं."

सारजाबाईंनी तिच्या मनगटावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "त्याला सवयच न्हाई ना. मिळंल म्हून वाट बघायची."

धर्माजी आले ते घाम पुसत. त्यांना शाळेतून निकालाचं कळलं होतं आणि घरातून बराखीचं. अक्षदाच्या हाताकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. शेजारी बसले. त्यांचा आवाज इतका मऊ तिनं कधी ऐकला नव्हता.

"पोरी, त्याचं चुकलं. मी त्याला फोडून काढतो घरी. पन आता मशीन चांगली हाय, भाव कमी हाय. तूच लिवलंय तसं सगळं झालं. शाळंचं भलं झालं. डॉक्टर इचारतील, तवा बराखीत घसरले म्हन. कांद्यावर कोनबी घसरतं."

अक्षदाला तन्वीरचा फुटलेला ओठ आठवला. शाळेत पायरी नव्हती, तरी तो पायरीवरून घसरला होता. त्या दिवशी तिनं त्याला लेखी द्यायला सांगितलं होतं, किती सहज. आता तेच स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं, आणि राहायचं सासरच्याच घरात होतं. मामा खोटं बोलत नव्हते. मशीन चांगली होती. वीस संगणक येणार होते, अर्थिंगसकट. आरोहीनं पुन्हा पत्र्यावर हात टेकवला तरी काही होणार नव्हतं. ती एक ओळ सोडली, तर बाकी सगळ्या ओळी पाळल्या गेल्या होत्या.

पण सगळ्यांना सारखी म्हणून दिलेली ओळ घरच्यासाठी सोडली, की बाकीच्या ओळी कशाच्या जोरावर उभ्या राहणार होत्या? उद्या गोरख वॉरंटीत शाळेत येईल. मशीन बंद पडली तर दंड कोण मागेल त्याच्याकडं? अन्सार सर?

डॉक्टरीण आत आली. तरुण होती, केस घट्ट बांधलेले. तिनं पदर सोडला, हात पाहिला, गालावरची बोटं पाहिली, आणि पेन उघडलं.

"कसं झालं हे?"

धर्माजी खाकरले. "डॉक्टर, कांदा पसरला व्हता..."

"मी त्यांना विचारतेय, काका."

सारजाबाई उठल्या. धर्माजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, अशा की अक्षदाला ते दिसेनात. नवऱ्याकडं पाठ करून उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी; पाय जरा फाकवून, म्हशीला अडवायला उभ्या राहाव्यात तशा उभ्या होत्या.

"दारात घालून मोडलाय," अक्षदा म्हणाली. "दोनदा दार ओढलं. आधी लाथा मारल्या."

"कुणी?"

"गोरखनं."

"म्या पायलं," सारजाबाई म्हणाल्या. "माझं बी नाव घाला. आनि त्याच्या पायाचं इचारायला कोन आलं, तर ते म्या केलंय."

डॉक्टरिणीनं मान वर केली, मग पुन्हा लिहायला लागली. "पोलिसांना कळवावं लागेल. हा गोरख तुमचा कोण?"

धर्माजी पाठीमागून म्हणाले, "अक्षदा..."

"दीर," अक्षदा म्हणाली. तिनं डावा हात पुढं करून कागदावर बोट ठेवलं, जिथं पेन थांबलं होतं तिथंच. "आणि शाळेच्या निविदेत बोली लावणारा. तेही लिहा. याची एक प्रत मला लागणार आहे."